नववीचा सत्र निकाल गूगल शीटवर: गुणतक्ते, गैरहजेरी आणि समान क्रमांकांची पद्धत

सत्र परीक्षा संपली की वर्गशिक्षकाकडे गुणतक्ते एकदम येत नाहीत. मराठीचा तक्ता लगेच येतो, विज्ञानाच्या पेपरांची तपासणी चालू असते आणि गणिताच्या सरांच्या दोन तुकड्या बाकी असतात. तोपर्यंत मुख्याध्यापकही विचारतात आणि पालकही. जसजसे गुण येतील तसतसा स्वतः अद्ययावत होणारा निकालफलक गूगल शीटवर कसा बांधायचा, ते इथे सांगतो. उदाहरणासाठी ४२ मुलांचा वर्ग धरला आहे. विषय सहा, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००.

आधी जमवायचे कागद

पहिला कागद म्हणजे हजेरीपट. हजेरी क्रमांक तिथूनच घ्यायचे. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेल्यांची नावे आधीच काढून टाकावीत, नाहीतर त्यांच्या ओळी शेवटपर्यंत अपूर्ण दिसत राहतील. दुसरा कागद प्रत्येक विषयशिक्षकाचा सहीचा गुणतक्ता. तिसरा प्रत्येक पेपरचा पर्यवेक्षकाचा गैरहजेरी अहवाल, आणि हाच बहुतेक वेळा मागायचा राहून जातो. गुणतक्त्यात रिकामी जागा दिसली तर मुलगा गैरहजर होता की शिक्षकांनी गुण भरायचे राहिले, हे केवळ या अहवालावरूनच ठरते. आजारी असलेल्या मुलाबाबत पालकांचा अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि फेरपरीक्षेला मुख्याध्यापकांनी दिलेली मान्यता एकत्र जोडून ठेवावी.

क्रमांकासाठी कोण पात्र

हा निर्णय शाळेचा आहे आणि तो पहिला गुणतक्ता येण्याआधी मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावा. दोन गोष्टी विचाराव्यात. एखाद्या विषयाला गैरहजर असलेल्याला क्रमांक द्यायचा का? आणि फेरपरीक्षेचे गुण क्रमांकासाठी धरायचे का? पहिल्याचे उत्तर सहसा नाही असेच येते. दुसऱ्याबाबत शाळाशाळांत फरक आहे. एकदा नावे दिसू लागली की हा प्रश्न नियमाचा राहत नाही, विशिष्ट मुलाचा होतो, आणि मग कुणालाच न्याय वाटत नाही. म्हणून आधीच विचारायचे.

रिकामा चौकोन, AB आणि शून्य

सगळी पद्धत या तीन नोंदींवर उभी आहे. चौकोन रिकामा म्हणजे गुण अजून आलेले नाहीत. AB म्हणजे मुलगा पेपरला नव्हता. ० म्हणजे पेपर दिला आणि गुण शून्य मिळाले. यांतली एकही नोंद दुसरीच्या जागी येता कामा नये.

एकाच फाइलमध्ये प्रत्येक विषयाचे वेगळे पान करावे. A स्तंभात हजेरी क्रमांक आणि B मध्ये गुण ठेवून त्या पानाचा संपादनाचा अधिकार त्या विषयशिक्षकालाच द्यावा. मुख्य पानावर A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव आणि C ते H मध्ये सहा विषय येतील. गुण नुसते चिकटवू नयेत. काही शिक्षक मुलींची नावे आधी लिहितात, काही आडनावांच्या क्रमाने, आणि एक ओळ सरकली तरी अख्ख्या वर्गाचे गुण चुकतात. गुण हजेरी क्रमांकावरूनच ओढायचे. गणिताचा स्तंभ असा:

```
=IFERROR(VLOOKUP($A2,'गणित'!A:B,2,FALSE),"")
```

हेच सूत्र एक्सेलमध्ये वापरले तर रिकाम्या चौकोनाचे शून्य होऊन येते. त्यामुळे तपासणी चालू असलेल्या विषयात सगळा वर्ग नापास दिसतो. गूगल शीटमध्ये रिकामे ते रिकामेच राहते.

I स्तंभाला ‘पात्र’ असे नाव देऊन सगळ्यांसमोर ‘हो’ लिहावे. J मध्ये एकूण गुण:

```
=IF(COUNTIF(C2:H2,"AB")>0,"AB",
 IF(COUNT(C2:H2)<6,"प्रलंबित",SUM(C2:H2)))
```

फक्त SUM किंवा AVERAGE वापरले तर काय होते ते पाहा. समजा हजेरी क्रमांक २३ विज्ञानाला गैरहजर आहे आणि बाकीच्या पाच विषयांत त्याला ४३८ गुण आहेत. AVERAGE हे सूत्र AB ही अक्षरे सोडून देते, म्हणून सरासरी येते ८७.६. वर्गात सर्वाधिक ५१२ गुण मिळवणाऱ्या हजेरी क्रमांक ७ ची सरासरी मात्र ८५.३३. म्हणजे पेपरच न दिलेला मुलगा पहिला! उलट AB च्या जागी शून्य घातले तर तो ७३ टक्क्यांवर येतो आणि विज्ञानाची वर्ग सरासरीही विनाकारण खाली जाते. विषयाची सरासरी काढताना मात्र AVERAGE चा हाच गुण उपयोगी पडतो, कारण तिथे पेपर दिलेल्यांचीच सरासरी हवी असते.

समान गुण, समान क्रमांक

एखाद्याचा क्रमांक म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त गुण असलेल्यांची संख्या अधिक एक. सूत्रही तेवढेच सांगते:

```
=IF(COUNTIF(J$2:J$43,"प्रलंबित")>0,"",
 IF(AND(ISNUMBER(J2),I2="हो"),
 COUNTIFS(J$2:J$43,">"&J2,I$2:I$43,"हो")+1,""))
```

पहिली ओळ मुद्दाम घातली आहे. एकाही मुलाचे गुण प्रलंबित असतील तर कुणाचाच क्रमांक दिसत नाही. पाच विषयांवर पहिला आलेला मुलगा सहाव्या विषयानंतर तिसरा होऊ शकतो, आणि घरी सांगितलेला क्रमांक परत घेणे त्या मुलाला फार लागते. तोपर्यंत फलकावर कोणत्या विषयाचे किती गुण आले एवढेच दाखवावे. G स्तंभासाठी:

```
=COUNT(G2:G43)+COUNTIF(G2:G43,"AB")
```

उत्तर ४२ आले की तो विषय पूर्ण.

आता पहिले पाच जण घेऊ. हजेरी क्रमांक ७ ला ५१२, क्रमांक १२ आणि १९ दोघांनाही ४९८, क्रमांक ३१ ला ४९१ आणि क्रमांक २३ AB. निकाल येतो तो असा: ७ पहिला, १२ आणि १९ दोघेही दुसरे, ३१ चौथा. तिसरा कुणीच नाही आणि ते बरोबर आहे, कारण ३१ च्या पुढे खरोखर तिघे आहेत. यादी गुणांनुसार लावून शेजारी १, २, ३ असे ओढत नेले, तर १२ आणि १९ पैकी एक जण केवळ यादीत खाली आला म्हणून तिसरा ठरतो. हजेरी क्रमांकावरून मुलाचा क्रमांक ठरवणे मला मान्य नाही. गणिताच्या गुणांवरून बरोबरी सोडवायची असेल तर तसा लेखी नियम आधीपासून हवा.

पुढे क्रमांक २३ ने फेरपरीक्षा दिली आणि त्याला ७४ गुण मिळाले. विज्ञानाच्या पानावर AB च्या जागी ७४ टाकताच त्याचे एकूण ५१२ होतात. फेरपरीक्षा धरायची असेल तर ७ आणि २३ दोघेही पहिले, १२ आणि १९ तिसरे, ३१ पाचवा. धरायची नसेल तर २३ समोर I मध्ये ‘नाही’ लिहावे. त्याचे एकूण गुण दिसत राहतात, क्रमांकाचा चौकोन रिकामा राहतो आणि बाकीच्यांचे क्रमांक जागचे हलत नाहीत.

सगळे गुण आले तरी क्रमांक दिसत नसतील तर

J स्तंभात ‘प्रलंबित’ शोधावे. बहुतेक वेळा कुणीतरी AB ऐवजी ‘गैर’ लिहिलेले असते किंवा AB पुढे एक मोकळी जागा सुटलेली असते. कधी आकडाच मजकूर म्हणून बसलेला असतो. तो चौकोनात डावीकडे चिकटलेला दिसतो, खरा आकडा उजवीकडे असतो. दुरुस्ती विषयाच्या पानावरच करावी. मुख्य पानावर हाताने आकडा टाकला तर तिथले सूत्र पुसले जाते आणि त्या मुलाचे पुढचे बदल मुख्य पानापर्यंत पोहोचत नाहीत.

छापण्यापूर्वी प्रत्येक विषयाची बेरीज सहीच्या गुणतक्त्याच्या बेरजेशी आणि AB ची संख्या पर्यवेक्षकाच्या अहवालाशी जुळवून घ्यावी. दोन्ही जुळल्यावरच निकालपत्रक मुख्याध्यापकांच्या सहीसाठी पाठवावे.