आकडा 105 च्या आत, तरी नळी का काढत नाहीत?

मोहोळकडच्या एका शेतकऱ्याला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली, असं धरू. दंश फारसा दुखत नाही. पहाटे पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू ढिले पडतात. सोलापुरात आणून त्याच्या श्वासनलिकेत नळी घालतात आणि व्हेंटिलेटर लावतात. फुप्फुसं ठणठणीत असतात, ताकद गेलेली असते ती फक्त स्नायूंची.

पाचव्या दिवशी तो डोळे उघडतो, सांगितलं की हात दाबतो, 40 टक्के ऑक्सिजनवर त्याचं भागतं. घरचे विचारतात, नळी कधी काढणार?

इथे एक साधा भागाकार कामी येतो. मिनिटातल्या श्वासांची संख्या भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये. 1991 मध्ये यांग आणि टोबिन यांनी हा निर्देशांक मांडला. 105 च्या वर गेला, तर रुग्ण स्वतःच्या श्वासावर टिकण्याची शक्यता कमी.

कारण असं की प्रत्येक श्वासातली सुमारे 150 मिली हवा श्वासनलिकेतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. 500 मिलीचे 15 श्वास आणि 250 मिलीचे 30 श्वास, दोन्हींची बेरीज साडेसात लिटरच. पण उपयोगी हवा पहिल्यात सव्वापाच लिटर, दुसऱ्यात जेमतेम तीन. निर्देशांक पहिल्यात 30, दुसऱ्यात 120. थकलेला स्नायू नेमका असाच उथळ आणि भरभर श्वास घेतो.

आता आपल्या रुग्णाकडे येऊ. मशीन प्रत्येक श्वासाला 10 सेंमी पाण्याइतका दाब देत असताना 26 श्वास, प्रत्येकी 420 मिली. निर्देशांक 62, छान वाटतो. आधार काढून मिनिटभर थांबलं, तर 34 श्वास, 270 मिली, म्हणजे 126. पहिला आकडा मशीनच्या ताकदीचा होता. म्हणून आकडा सांगताना आधार किती होता, हेही सांगायलाच हवं.

स्नायूंचा जोर वेगळा मोजतात. नळीचं तोंड 20 सेकंद असं बंद ठेवतात की श्वास बाहेर सोडता येतो, आत घेता येत नाही. रुग्ण जोरात ओढतो, मीटर उणे दाब दाखवतो, तोही सेंमी पाण्यातच. उणे 30 असेल तर बरं, उणे 15 असेल तर थांबायचं. गुंगीतला माणूस नीट ओढत नाही, म्हणून तीनदा घेऊन सर्वांत चांगला आकडा धरतात. मण्यारीच्या रुग्णात खाटेपाशी आणखी दोन गोष्टी जरूर पाहाव्यात: डोकं उशीवरून उचलून पाच सेकंद धरता येतं का, आणि खोकला जोरदार आहे का. कफ बाहेर काढता आला नाही, तर चांगल्या आकड्यानंतरही नळी परत घालावी लागते.

आकडे जुळले की आधार काढून 30 मिनिटं ते दोन तास चाचणी. मिनिटाला श्वास 35 च्या वर, रक्तातला ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली, घाम, अस्वस्थपणा किंवा छाती फुगताना पोट आत जाणं, यातलं काही दिसलं आणि टिकून राहिलं की चाचणी थांबवून पुन्हा आधार द्यायचा. मग त्याच दिवशी परत दमवायचं नाही. रात्रभर स्नायूंना विश्रांती, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट तपासून कमी असेल तर भरून काढायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चाचणी.