क्लॉकवरचा तो छोटा गोल आणि उलटी मोजणी

पेपरचा फोटो येतो, तीन JK फ्लिप-फ्लॉप, म्हणजे 0 किंवा 1 धरून ठेवणारी सर्किटं, एका रांगेत, सगळीकडे J=K=1, म्हणजे क्लॉक मिळाला की Q उलटं होणार, पहिल्याचं Q0 दुसऱ्याच्या क्लॉकला, दुसऱ्याचं Q1 तिसऱ्याच्या, आणि खाली लिहिलेलं असतं की आठ पल्सची वेव्हफॉर्म काढा. सोपं वाटतं, पण फोटो जरा हलला की क्लॉकच्या पायावरचा छोटा गोल, म्हणजे बबल, दिसेनासा होतो आणि उत्तर पार उलटं येतं.

हा बबल तिथे का असतो ते कळायला थोडं मागे जावं लागतं. फ्लिप-फ्लॉप मुळात 1918 सालचा, एक्लिस आणि जॉर्डन यांनी दोन व्हॅक्यूम ट्यूब एकमेकींना जोडून केलेलं सर्किट, पेटंटचा अर्जही त्याच वर्षीचा. तेव्हा क्लॉक वगैरे काही नव्हतं. मोजणीसाठी ही दोन अवस्थांची कल्पना जोमाने वापरली ती विन-विल्यम्स यांनी, 1932 च्या सुमारास केंब्रिजला. मोजायचे किरणोत्सारी कण इतक्या भराभर यायचे की मेकॅनिकल काउंटरला झेपेना, म्हणून त्यांनी थायराट्रॉन नावाच्या गॅस भरलेल्या ट्यूबच्या अशा पायऱ्या लावल्या की आत दोन पल्स गेले की पुढे एकच जातो.

आता बायनरीत हातचा पुढे कधी जातो बघा, अंक 1 वरून 0 वर येतो तेव्हा. म्हणजे पुढच्याला खबर पडत्या कडेवर मिळायला हवी, म्हणूनच 7493 सारखी रिपल काउंटरची चिपसुद्धा पडत्या कडेवरच पुढे सरकते, आणि बबल म्हणजे तेच.

बबल धरून काढूया, क्रम Q2 Q1 Q0, सुरुवात 000. पहिल्या पल्सला Q0 वर गेलं, ही चढती कड, Q1 ढिम्म, झालं 001. दुसऱ्याला Q0 पडलं म्हणून Q1 टॉगल, म्हणजे उलटं झालं, 010. मग 011, चौथ्याला Q0 पडलं, त्याने Q1 पाडलं, त्याने Q2 चढवलं, 100.

आता बबल नाही, म्हणजे चढत्या कडेवर टॉगल होतं, असं समजून तेच करा. पहिल्याच पल्सला Q0 चढतं, ती चढती कड Q1 ला उचलते, Q1 ची Q2 ला, आणि थेट 111! पुढे 110, 101, सरळ डाउन काउंटर. वायरिंग तेच बरं का. पहिल्या पल्सनंतर 111 आलं की मी आधी फोटो झूम करून बबल शोधतो, बाकीचं गणित नंतर.

अजून एक गंमत, चौथ्या पल्सला 011 वरून 100 एका झटक्यात येत नाही, मधे 010 आणि 000 क्षणभर येऊन जातात कारण प्रत्येक फ्लिप-फ्लॉपला काही नॅनोसेकंद लागतात. पेपरात डिले दिला नसेल तर सगळ्या कडा एकाच उभ्या रेषेवर काढायच्या, दिला असेल तर प्रत्येक पायरी तेवढी उजवीकडे सरकवायची.