आजीची ८० वर्षे : नातवंडांचा शुभेच्छा मजकूर आणि छोटे भाषण

शुभेच्छापत्र, मानपत्र किंवा फलक आमच्या छापखान्यात छापायला देण्याआधी हे पत्रक घरातल्या नातवंडांना वाचायला द्या. पत्राचा मजकूर आणि समारंभातले भाषण एकाच वेळी लिहिले तर दोन्ही सोपे जातात. एकदा छापून झाल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही, म्हणून सुरुवात आकड्यांपासून.

"अमृतमहोत्सव" हा शब्द ७५ वर्षांसाठी आहे, ऐंशीसाठी नाही. तो जुन्या पत्रावरून उचलला जातो आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी तो हमखास पकडतो. दुसरी गफलत पदार्पणाची. ८० वा वाढदिवस म्हणजे ८० वर्षे पूर्ण आणि ८१ व्या वर्षात पदार्पण. "८० व्या वर्षात पदार्पण" छापले तर आजी एका वर्षाने लहान होते. (तिची हरकत नसते, पण तिच्या धाकट्या बहिणीची असते.) "अभीष्टचिंतन" मधला "भी" दीर्घ आहे, हेही तपासा.

सहस्रचंद्रदर्शनाचा उल्लेख करणार असाल तर हिशेब असा. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. त्यामुळे ८० वर्षांत साधारण ९८९ पौर्णिमा होतात आणि हजारावी येते ती ८० वर्षे १० महिन्यांच्या सुमारास. म्हणूनच बऱ्याच घरांत ही शांत ८१ व्या वर्षात करतात. ८० व्या वाढदिवशीच "आजीने हजार चंद्र पाहिले" असे म्हटले तर दहा-अकरा चंद्र उधार राहतात. खरा आकडा मात्र भाषणात छान वापरता येतो. कसा ते पुढे दिले आहे.

इतिहासाचा संदर्भ घेताना वय काढून पाहा. २०२६ मध्ये ऐंशी पूर्ण करणारी आजी १९४६ ची. तिने "स्वातंत्र्यलढा पाहिला" हे वाक्य ऐकायला भारदस्त वाटते, पण १५ ऑगस्ट १९४७ ला ती फार तर पावणेदोन वर्षांची होती. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती, म्हणजे शाळेत आणे-पै शिकून पुन्हा पैसे शिकलेली. आजी पुण्याची असेल तर १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर तिला नक्की आठवत असेल. असा एकच संदर्भ पुरतो. जन्मतारीखही विचारून घ्या. त्या पिढीत अनेकांच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून घातलेली असते आणि घरी वाढदिवस तिथीने होतो.

आता मजकूर. "प्रेमळ, कष्टाळू, मायाळू" ही विशेषणे कोणत्याही आजीला चालतात, म्हणूनच या आजीला चालत नाहीत. त्याऐवजी तिची रोजची एक सवय जवळून दाखवा. ती मिळवायला आजीला "काहीतरी आठवण सांग" म्हणू नका. उत्तर "सगळं चांगलंच झालं" एवढेच येते. नेमके विचारा: लग्नानंतरचे पहिले घर किती खोल्यांचे होते, पाणी कुठून आणायची, स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली वस्तू कोणती, माहेरचे नाव काय. लग्नात नाव बदललेल्या आजीला ते जुने नाव माइकवरून ऐकणे मोठी गोष्ट असते, पण ते सर्वांसमोर घेतलेले चालेल का, हे आधी तिच्या बहिणीला किंवा भावाला विचारा. शाळा का सुटली, हा प्रश्नही तसाच. तिने घरात सांगितले म्हणून ते सभागृहात सांगायचे, असे नाही.

घरात "आजी, तू" म्हणत असाल तर पत्रात आणि माइकवरही तूच म्हणा. भाषणात एकदम "आपण आम्हांस घडविलेत" आले की आजी मागे वळून पाहते, दुसऱ्या कोणाबद्दल चालले आहे का म्हणून. आणखी एक: नातवंडांनी आजीला "शतायुषी हो" असा आशीर्वाद देऊ नये. लहानांनी नमस्कार करावा आणि मागायचे ते देवाकडे मागावे. शिवाय ऐंशीच्या माणसाला शंभर म्हणजे फक्त वीसच.

नमुना म्हणून एक घर घेऊ. चार नातवंडे आहेत. आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळे लिहून ठेवते. पत्रासाठीचा मजकूर असा:

"आजी, कॅलेंडरच्या चौकोनात आमच्या परीक्षा, आमचे ताप आणि आमच्या गाड्यांच्या वेळा लिहून ठेवणाऱ्या तुला ८० वर्षे पूर्ण झाल्याबद्दल नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरू नयेत, डॉक्टरांनी चहात अर्धा चमचा साखर मंजूर करावी, आणि आमच्या चुका तू अशाच मोठ्यांदा सांगत राहावंस. तुझी चार नातवंडं."

हे चाळीसएक शब्द पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराच्या पत्रावर मोठ्या अक्षरात आरामात बसतात. साठच्या पुढे गेलात तर अक्षर बारीक करावे लागते, आणि वाचायचे आहे ते आजीलाच.

त्याच घरातले भाषण, एका नातीने सगळ्यांच्या वतीने करायचे:

"आजी, तू बसूनच ऐक. पाया पडायला सगळे येणारच आहेत, त्याआधी हे. तुझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी कॅलेंडर आहे. त्यात दुधाचे खाडे असतात, सिलिंडर कधी लावला ते असतं. मार्चच्या एका चौकोनात लिहिलंय, 'धाकटीचा गणिताचा पेपर, ११ वाजता.' धाकटी नाशकात होती, तू इथे. अकरा वाजता तू काय केलंस ते आम्हांला माहीत नाही, पण त्या दिवशी दुधाचा आकडा लिहायचा राहिलाय. आजपर्यंत तुझ्या साधारण नऊशे एकोणनव्वद पौर्णिमा झाल्या. हजाराला अकरा कमी. त्या दहा महिन्यांत पुऱ्या होतील, तेव्हा आम्ही चौघं परत येतो. तारीख तूच लिही. पेन आणलंय."

आणि खरोखरच पेन व कॅलेंडर हातात द्या. या भाषणाला सुमारे पाऊण मिनिट लागते, कारण माइकवर सावकाश बोलताना मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. तीन मिनिटांच्या पुढे जाऊ नका. चारही नातवंडांना बोलायचे असेल तर प्रत्येकी एक चौकोन, म्हणजे दोन-तीन वाक्ये द्या. चार स्वतंत्र भाषणांत तेच गुण चार वेळा येतात.

आजीला ऐकू येणे हा सर्वात दुर्लक्षित भाग. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, च ही व्यंजने विरतात आणि लहान मुलांचा आवाज पोहोचत नाही. ओरडल्याने फरक पडत नाही. सावकाश, तोंड तिच्याकडे ठेवून बोलल्याने पडतो. मागचे संगीत पूर्ण बंद करा. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा आणि ध्वनिक्षेपकाच्या समोर उभे राहू नका, तिथूनच शिट्टी येते. तीच शिट्टी श्रवणयंत्र लावलेल्या आजीला असह्य होते, म्हणून तिची खुर्चीही ध्वनिक्षेपकापासून लांब ठेवा.

भाषण कागदाच्या एकाच बाजूला, फोनवर नको; ऐन वेळी कोणाचा तरी फोन येतो आणि पडद्यावरचा मजकूर जातो.

छपाईसाठी मजकूर संदेशात टाइप करून पाठवा, हस्ताक्षराचा फोटो नको. टाइप केलेला मजकूर आमच्या जुन्या फाँटमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरे सरकतात, त्यामुळे तपासणीची प्रत घरातल्या दोघांनी, त्यातल्या एकाने मोठ्याने, वाचून परत पाठवावी. नावांचा क्रम, माहेरचे नाव आणि तारीख यांवर बोट ठेवून वाचा. हे सगळे समारंभाच्या चार दिवस आधी आमच्याकडे आले तर दुसरी तपासणीही करता येते.