आभाळातली तार आणि भिंतीवरची तार

रस्त्याच्या फोटोतली विजेची तार काढण्याची युक्ती फोटोशॉपच्या फार आधीची. निगेटिव्हवर आभाळ गडद असतं आणि तार त्यात पारदर्शक रेघ म्हणून उमटते. रिटचर त्या रेघेत टोकदार पेन्सिलीने भर घालायचा. गडदपणा आजूबाजूशी जुळला की प्रिंटमधून तार गायब. भर जास्त झाली, तर तिथेच पांढरी रेघ दिसायची. कचराकुंडीला मात्र हा उपाय चालत नसे. तिच्यामागची फरशी, भिंतीचे पोपडे हे सगळं प्रिंटवर हाताने रंगवावं लागायचं आणि मग त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढावा लागायचा.

रंगवण्याचं हे काम १९९० मध्ये सुटलं. फोटोशॉपच्या पहिल्याच आवृत्तीत रबर स्टॅम्प होता, आजचा क्लोन स्टॅम्प तो हाच. `Alt` दाबून चांगल्या फरशीवर क्लिक करायचं आणि कुंडीवर ब्रश फिरवायचा. फरशी जशीच्या तशी तिथे उतरते. पण जशीच्या तशी म्हणजे रंग आणि उजेडासकट. संध्याकाळचं आभाळ वरून खाली उजळत जातं. त्यात दोन बोटं वरचा तुकडा खाली आणला की डाग पडलाच. शिवाय १९९८ च्या पाचव्या आवृत्तीपर्यंत मागे जायची सोय एकाच पायरीची होती, त्यामुळे हात जपूनच चालायचा.

माझ्या मते खरं वळण आलं २००२ मध्ये, सातव्या आवृत्तीतल्या हीलिंग ब्रशने. तो नमुन्यातून फक्त पोत घेतो. रंग आणि उजेड ज्या जागी ब्रश फिरतो तिथल्या कडेवरून जुळवतो. आभाळातली तार त्याने सहज जाते. तीच तार पुढे काळ्या भिंतीला टेकते, तिथे मात्र तो फसतो: भिंतीचा काळा रंग कडेवरून आभाळात ओढला जातो आणि धुरकट फराटा उमटतो. म्हणून जाणकार आधी भिंतीला लागून वीतभर तार कडक कडेच्या क्लोन स्टॅम्पने तोडतात आणि मगच उरलेल्या आभाळावर हीलिंग चालवतात. भिंतीवरच्या विटांच्या ओळी जुळवायलाही क्लोनच लागतो.

२०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आल्यावर नमुना शोधायचं कामही संगणकाकडे गेलं. तरीही चुका राहतातच. २०१६ मध्ये इटलीतल्या एका प्रदर्शनात प्रसिद्ध छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांच्या क्यूबातल्या रस्त्याच्या फोटोत पाटीच्या खांबापाशी फसलेलं क्लोनिंग एका प्रेक्षकाने हेरलं. मग त्यांचे इतर फोटोही तपासले गेले आणि काहींमधून माणसं काढल्याचं समोर आलं. आपण आता दृश्यकथाकार आहोत, अशी भूमिका मॅकरींनी मांडली. ती मला पटत नाही. घराच्या जाहिरातीतली तार काढणं वेगळं. ज्या फोटोकडे लोक घडलेलं म्हणून पाहतात, त्यातला खांबसुद्धा जागच्या जागी राहायला हवा.