‘करमत नाही’ : वार लावून जेवण्यापासून नवोदयच्या खोलीपर्यंत

वसतिगृहात नव्याने आलेलं मूल घरी फोन करतं तेव्हा ‘मला दुःख होतंय’ असं म्हणत नाही. ते म्हणतं, ‘करमत नाही.’ पाचवीतलं पोर म्हणतं आणि अकरावीतला मिसरूड फुटलेला मुलगाही तेच म्हणतो. मी बारा वर्षं एका वसतिगृहाचा रेक्टर होतो. या दोन शब्दांचं पुढे काय होणार हे आईबाप किंवा रेक्टर यांच्यापेक्षा खोलीतली बाकीची मुलं जास्त ठरवतात, असं माझं मत त्या काळात पक्कं झालं. ही मुलं एकत्र कशी आली, कोणाला कोणाशेजारी झोपवायचं हे कोणी ठरवलं, यामागे आपल्याकडे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

त्याआधी गावाबाहेर शिकायला गेलेला मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ही सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांचीच होती. पोट भरायचं, पण जेवणाच्या पंगतीला सोबती नसायचा. सात घरी सात दिवस पाहुणा, अशी ती अवस्था. बहुजन मुलांना तर तेवढंही दार उघडं नव्हतं.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं निघाली आणि 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. प्रत्येक जातीचं वेगळं वसतिगृह ही गोष्ट आज खटकते. पण खेड्यातून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहिलं की त्यातली सोय कळते. ताटात घरच्यासारखंच अन्न, शेजारी आपल्यासारखंच बोलणारा मुलगा, सण तेच. अशा ठिकाणी मन लवकर रुळतं. मात्र ज्या सारखेपणामुळे ते रुळतं, त्याचीच पुढे भिंत होते.

या भिंतीवर डोकं आपटलेला एक विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्क वसतिगृहातल्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह सुरू केलं. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. तिथे स्वयंपाक, पाणी भरणं, शेतीचं काम मुलंच करायची आणि जेवायला एका पंगतीत बसायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिन्यांबरोबर मंगळसूत्रसुद्धा विकलं.

समतेचा प्रयोग म्हणून हे आपण नेहमी वाचतो. मला त्यात मुलांच्या मनाच्या दृष्टीनेही फार मोलाची गोष्ट दिसते. एकमेकांच्या घरी पाणीही न पिणाऱ्या घरांतली मुलं मैत्रीवरच्या भाषणाने जवळ येत नाहीत. सकाळी भाकरी मीच थापल्या नाहीत तर दहा जण उपाशी राहतील, ही जाणीव त्यांना जवळ आणते. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतंय हे कळलं की घरची ओढ संपत नाही, पण ती दिवसभर पोखरत बसत नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी 1995 मध्ये उन्हाळी शिबिरातल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठ ते सोळा वर्षांच्या सुमारे सव्वातीनशे मुलांपैकी 83 टक्के मुलांना दोन आठवड्यांत निदान एक दिवस तरी घरची ओढ जाणवली होती. म्हणजे आठवण येणं हा आजार नाहीच. थोड्याच मुलांमध्ये ती इतकी तीव्र होते की त्यातून चिंता आणि उदासी येते. ‘इथे यायचं मी ठरवलं नाही, मला पाठवलं’ असं ज्याला वाटतं, त्याला हा धोका जास्त. थर्बर पालकांना आणखी एक गोष्ट बजावतात : ‘नाही करमलं तर परत नेऊ’ असं वचन देऊ नका.

या वचनाचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. आठवीतला एक मुलगा जूनमध्ये आला. वडील जाताना म्हणाले, ‘दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर घरी नेतो.’ त्या दिवसापासून तो वसतिगृहात राहतच नव्हता, दिवाळीची वाट बघत होता. मला ते त्याच्या डब्यावरून कळलं. घरून आणलेला चिवडा-लाडवाचा डबा नवी मुलं एक-दोन संध्याकाळीत कॉटवर उघडतात, सगळे तुटून पडतात, चार दिवसांत डबा रिकामा होतो आणि त्या बदल्यात मुलाला खोलीत जागा मिळते. याने डबा ट्रंकेत कुलपात ठेवला. रात्री दिवे गेल्यावर एकटाच एक मूठ खायचा. ऑगस्टमध्ये ट्रंक उघडायला लावली तेव्हा उरलेला चिवडा खवट झाला होता. घराचा शेवटचा तुकडा संपू नये म्हणून त्याने तो जपला होता.

दिवाळीनंतर वडिलांनी शब्द पाळला नाही. मुलगा परत आला आणि रडणं पूर्ण थांबलं. आम्ही सगळे म्हणालो, ‘रुळला.’ ती माझी मोठी चूक होती. रविवारी भेटायला आलेल्या आईशी तो पाच मिनिटं बोलून निघून जायचा. मोठ्या मुलांच्या टोळीत शिरला होता, त्यांचे कपडे धुवायचा आणि पाचवीतल्या रडणाऱ्या पोरांना ‘बायकी’ म्हणून चिडवायचा. ओढ विरली नव्हती, घट्ट झाली होती. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉय शॅव्हेरियन यांनी निवासी शाळांत लहानपणी गेलेल्या प्रौढांमध्ये हेच पाहिलं : ज्या वयात रडायची सोय नव्हती तिथे चढवलेलं कवच पुढे संसारातही उतरत नाही.

ओळखायची खूण साधी आहे. ज्याची ओढ विरते तो घराबद्दल बोलतो. आईच्या हातच्या आमटीचं वर्णन खोलीत करतो आणि इतरांचं ऐकतो. ज्याची घट्ट होते तो घराचं नावच काढत नाही.

सरकारी निवासी शिक्षणात हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. 1985-86 मध्ये झज्जर आणि अमरावती इथे पहिली दोन नवोदय विद्यालयं सुरू झाली. सहावीत आलेलं मूल हाऊस आणि खोलीत वाढतं आणि नववीत महाराष्ट्रातल्या काही मुलांना एका वर्षासाठी हिंदीभाषक प्रदेशातल्या विद्यालयात पाठवतात. एकदा घर सुटलेलं असतं, आता तीन वर्षांत जमवलेली खोलीही सुटते. ही मुलं गटाने जातात, म्हणून पहिले आठवडे निभावतात. पण गट स्वतःच्याच भाषेत मिटून बसला तर वर्षभर तसाच राहतो. कोल्हापूरच्या बोर्डिंगांमधला पेच इथे पुन्हा दिसतो. खो-खोच्या संघात किंवा मेसच्या पाळीत जी मुलं तिथल्या मुलांबरोबर मिसळली, त्यांचीच पत्रं पुढे येत राहतात.

आमच्या त्या मुलाला शेवटी मी दुधाच्या कॅनच्या पाळीवर लावलं. पहाटे साडेपाचला पाचवीतल्या एका पोराबरोबर फाटकापर्यंत जायचं, दोघांनी कॅन उचलून आणायचा. महिनाभर दोघं बोलले नाहीत. मार्चमध्ये एका सकाळी ते पोर रडत होतं, तर याने कॅन खाली ठेवला आणि त्याला विचारलं, ‘तुझ्या घरी म्हैस आहे का?’ मग आपल्या घरच्या म्हशीबद्दल बोलायला लागला. आल्यापासून त्याच्या तोंडून घरची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.