मंदी सरते, बेरोजगारी का उरते?

डिसेंबर 1967 मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 'नैसर्गिक बेरोजगारी दर' मांडला. बेरोजगारी त्याहून खाली गेली की महागाई वाढत जाते, वर राहिली की घटत जाते. मंदीमुळे तो दर स्वतः हलत नाही, असं तेव्हा धरलं जाई. 1973 च्या तेलसंकटानंतर युरोपात हे गृहीतक डळमळलं. 1980 च्या दशकाच्या मध्यात ब्रिटनमध्ये बेरोजगारी सुमारे 11 टक्के होती, तरी महागाई आणखी उतरेना. म्हणजे नैसर्गिक दरच वर सरकला होता. 1986 मध्ये ऑलिव्हिए ब्लँशार आणि लॉरेन्स समर्स या अर्थतज्ज्ञांनी चुंबकशास्त्रातला 'हिस्टेरेसिस' हा शब्द यासाठी वापरला: बाहेरचा जोर ओसरला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं.

हे घडतं कसं? धुळ्यासारख्या गिरणीच्या गावाचा एक काल्पनिक हिशेब करू. 1000 कामगारांपैकी एरवी 50 जण बेकार असतात, तेही दोन-तीन महिन्यांपुरते. मंदीत हा आकडा 120 होतो आणि मंदी लांबते तसे त्यांतले 50 जण वर्षभराहून अधिक काळ घरी बसतात. दरम्यान साधे माग जाऊन स्वयंचलित माग येतात. तुटलेला ताणा सांधायचा हात मंदावतो, नवं यंत्र तर पाहिलेलंही नसतं. मागणी परतल्यावर मालक आधी उरलेल्या 70 ताज्या कामगारांतून निवडतो. त्यांतले 20 कामाला लागले की पुन्हा नेहमीचे 50 उरतात. आता मालक एकमेकांचे विणकर जास्त मजुरी देऊन ओढू लागतात आणि मजुरी चढते. पण गावात 100 जण बेकार आहेत. नैसर्गिक दर 5 टक्क्यांवरून 10 वर गेला. जुने 50 जण रांगेत आहेत, पण मजुरीच्या घासाघिशीत त्यांचं वजन शून्य.

कौशल्याची झीज हे एकच कारण मात्र नाही. ब्लँशार-समर्स यांचा भर कामावर टिकलेल्यांनी आपल्यापुरती मजुरी ठरवण्यावर होता. शिवाय मालक रिकाम्या काळावरूनच माणसाची पारख करतो. अमेरिकेत बनावट अर्ज पाठवून केलेल्या, 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बेकारी लांबेल तशी मुलाखतीची बोलावणी घटली, आणि बहुतेक घट पहिल्या आठ महिन्यांतच झाली. म्हणून प्रशिक्षण वर्षानंतर देणं फार उशिराचं ठरतं.

खान्देशात ही झीज बेरोजगारीच्या आकड्यात सहसा दिसत नाही. अमळनेर, धुळे, चाळीसगावच्या गिरण्या बंद पडल्या. पण ज्याच्या घरात शिल्लक नाही, तो विणकर वर्षभर रिकामा बसू शकत नाही. तो कापूस वेचायला जातो, हमाली करतो. श्रमबल सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीच्या व्यापक मोजणीत वर्षात 30 दिवस दुय्यम काम केलेला माणूसही रोजगारातच धरला जातो. त्यामुळे इथे झीज शोधायची तर बेकारीचा दर पाहून भागणार नाही. गिरणी सुटल्यावर माणूस कोणत्या कामाला लागला आणि मजुरी किती घसरली, हे विचारावं लागेल.