परिपत्रकावरचं अग्रेषण पत्र सोडू नका
(साप्ताहिक गोषवारा घेणाऱ्या नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी माहितीपत्रक)

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या ज्या कार्यालयांसाठी आम्ही शासकीय परिपत्रकांचा साप्ताहिक गोषवारा काढतो, तिथल्या आवक लिपिकांसाठी आणि कार्यालयीन अधीक्षकांसाठी हे पत्रक आहे. गोषवारा कसा असतो ते आपल्याला माहीतच आहे. पण महिन्यातून एकदा तरी कुठून तरी तोच फोन येतो: "आम्ही जीआर वेळेत पाठवला होता, तुम्ही तो 'माहितीसाठी'त टाकला आणि आता वरून स्मरणपत्र आलंय." शोधलं की कारण एकच निघतं. जीआर आलेला असतो, त्यावरचं अग्रेषण पत्र आलेलं नसतं.

पत्र गाळणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दोन ओळींचं पत्र आणि खाली बारा पानांचा शासन निर्णय दिसला की खरा कागद जीआरच वाटतो. पण मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय सगळ्या राज्यासाठी असतो. त्यात धोरण असतं, कार्यपद्धती असते, लेखाशीर्ष असतं. आपल्या कार्यालयानं कोणती माहिती, कोणत्या नमुन्यात, कधीपर्यंत द्यायची हे त्यात बहुधा नसतं. ते लिहिलेलं असतं कागद खाली येताना त्यावर चढणाऱ्या पत्रात, म्हणजे नगरपरिषद प्रशासन संचालनालयाच्या किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेच्या. "सोबतच्या प्रपत्रात माहिती सादर करावी, निरंक असल्यास तसे कळवावे" हे वाक्य तिथं असतं, आणि आमची सगळी तातडी त्याच वाक्यावरून ठरते.

एका नगरपरिषदेचं गेल्या मे महिन्यातलं उदाहरण सांगतो, नाव सांगत नाही. मान्सूनपूर्व तयारीचं शासनाचं परिपत्रक मंगळवारी ई-मेलनं आलं. लिपिकानं पीडीएफ उतरवून आमच्याकडे पाठवली. परिपत्रकात नालेसफाई, धोकादायक इमारती, जंतुनाशकांचा साठा, बोटी आणि लाइफ जॅकेट असे नेहमीचे मुद्दे होते. तारीख कुठंच नव्हती, फक्त "पावसाळ्यापूर्वी" एवढंच. आम्ही ते दुसऱ्या गटात, म्हणजे "काम सुरू करा, मुदत पुढची" यात घेतलं. प्रत्यक्षात त्याच ई-मेलच्या मजकुरात, जोडपत्राच्या वर, जिल्ह्याचं म्हणणं होतं: नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 195 खाली नोटीस दिलेल्या धोकादायक इमारतींची यादी एक्सेलमध्ये शुक्रवारी दुपारपर्यंत द्यावी. मजकूर आमच्याकडे आला नाही, एक्सेलचं प्रपत्रही आलं नाही. सोमवारी गोषवारा मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर गेला तेव्हा मुदत उलटून तीन दिवस झाले होते. बांधकाम विभागानं यादी तासाभरात काढली, कारण नोटिसा दिलेल्याच होत्या. म्हणजे काम झालेलं होतं, फक्त कळवायचं राहिलं होतं.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. अग्रेषण पत्राशिवाय आलेला कागद आम्ही गोषवाऱ्यात घेतो, पण त्यापुढे "मुदत तपासलेली नाही" असं ठळक लिहितो आणि त्याच दिवशी आपल्याला फोन करतो. काही कार्यालयांना हे फोन जाचक वाटतात. आमचं म्हणणं असं की मुदत अंदाजानं लिहिण्यापेक्षा एक फोन जास्त झालेला परवडतो.

त्याच परिपत्रकावरून विभागवारीचंही सांगता येतं, कारण त्याबद्दलही बरेचदा विचारणा होते. "हे महसूल व वन विभागाचं आहे, मग आरोग्याच्या पानावर कसं?" आम्ही कागद कुणी काढला यावरून लावत नाही, काम कुणाच्या टेबलावर पडणार यावरून लावतो. वरचं एकच परिपत्रक चार ठिकाणी तुटलं: इमारती बांधकामकडे, नालेसफाई आरोग्याकडे, पाण्याचं निर्जंतुकीकरण पाणीपुरवठ्याकडे, बोटी अग्निशमनकडे. प्रत्येक पानावर त्या विभागापुरत्या दोन-तीन ओळी आणि मूळ परिपत्रकाचा पान क्रमांक. सगळं एकाच विभागाला मार्क केलं की उरलेल्या तिघांना ते कळतच नाही. कृष्णाकाठच्या गावांना 2019 आणि 2021 चा पूर आठवत असेलच, त्यामुळे हा मुद्दा आम्ही सोडणार नाही.

तातडी ठरवताना "अति तातडीचे" या शिक्क्याला आम्ही फार मान देत नाही. शिक्का इतक्या कागदांवर असतो की त्यावरून क्रम लागत नाही. उत्तर द्यायची तारीख या आठवड्यात येत असेल तर पहिला गट, पुढे असेल तर दुसरा, काहीच कळवायचं नसेल तर तिसरा. निरंक माहितीही कळवायची असेल तर ती पहिल्या गटातच येते. "आमच्याकडे काहीच नाही" म्हणून न पाठवलेल्या उत्तरांचीच स्मरणपत्रं जास्त येतात. अधिवेशन काळातले तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी, निवडणूक आयोगाची पत्रं आणि न्यायालयीन बाबी यांना सोमवारची वाट नाही. त्या कळल्या की लगेच फोन आणि वेगळं टिपण जातं.

"जीआर तर शासनाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मग तुम्हाला पैसे कशाचे?" हेही विचारलं जातं आणि प्रश्न रास्त आहे. शासन निर्णय तिथं मिळतात आणि आम्हीही ते तिथून पडताळून घेतो. प्रत्येकाच्या शेवटी 18 आकडी संकेतांक असतो, सुरुवातीचे 8 आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. तोच निर्णय संचालनालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि व्हॉट्सअॅप अशा तीन वाटांनी आला तरी संकेतांकावरून तो एकच आहे हे कळतं आणि गोषवाऱ्यात एकदाच येतो. शुद्धिपत्रक आलं तर मूळ नोंद शोधून तिच्यापुढे तसं लिहितो. नाहीतर जुनाच मजकूर वापरात राहतो. पण जिल्ह्याची पत्रं त्या संकेतस्थळावर नसतात आणि त्यांना संकेतांकही नसतो. ती आपल्याच आवकेत असतात. ती जावक क्रमांक आणि दिनांकावरून जुळवावी लागतात, म्हणून पत्राचा वरचा भाग कापलेला फोटो आम्हाला उपयोगी पडत नाही.

गोपनीय शिक्क्याचे कागद आम्हाला पाठवू नयेत. आणि टिपणीला नेहमी मूळ परिपत्रक जोडावं, आमचा गोषवारा नाही. तो कागद शोधायला आणि वेळेत उघडायला आहे, त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्या कार्यालयाचा.

तेव्हा पाठवताना एवढंच करा: पीडीएफ उतरवून वेगळी पाठवण्याऐवजी आलेला ई-मेल जसाच्या तसा, सगळ्या जोडपत्रांसह, पुढे पाठवा. टपालानं आलेलं असेल तर लिफाफ्यातला पहिला कागद आधी स्कॅन करा, आवक क्रमांकाचा शिक्का दिसू द्या. शुक्रवारी दुपारी 3 पर्यंत आलेलं सोमवारच्या गोषवाऱ्यात येतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्या कार्यालयांची मागच्या तीन महिन्यांची आवक आम्ही एकदा चाळून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. त्यातून उत्तर द्यायची राहिलेली पत्रं वेगळी काढून विभागवार यादी मिळते. आवक नोंदवहीची पानं आणि ई-मेलचा तेवढा काळ आम्हाला पाहू दिला म्हणजे झालं.